गुन्ह्यातील पीडिताने खटल्याच्या कागदांत स्वतःची जागा कशी मिळवावी: अमळनेर तालुक्यातील एका उदाहरणाच्या आधारे

फौजदारी खटला कागदोपत्री शासन विरुद्ध आरोपी असा चालतो आणि त्या शीर्षकात ज्याला मार बसला, ज्याचे नुकसान झाले, त्याचे नाव कोठेही नसते. तालुका पातळीवर विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न याच रचनेतून निघतो: आरोपी जामिनावर सुटून गावात परत आला, आम्हाला कोणी कळवले कसे नाही? याचे उत्तर असे की भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ या कायद्याने पीडिताला माहिती मिळण्याचे, म्हणणे मांडण्याचे आणि भरपाई मागण्याचे हक्क दिले आहेत, परंतु त्यांतील बहुतेक हक्क पीडिताने स्वतः लेखी अर्ज केल्यावरच प्रत्यक्षात येतात. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

हे हक्क कसे वापरायचे, ते पाहण्यासाठी मी एक उदाहरण रचले आहे. अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका गावात बांधाच्या वादातून शेजारच्या शेतकऱ्याने एका कापूस उत्पादकावर कोयत्याने वार केला. वार मानेवर येत होता, तो हाताने अडवताना उजव्या हाताची दोन बोटे तुटली. ही घटना १० जानेवारीची आहे. जखमी भाऊंना धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात हलवण्यात आले, त्यांच्या पत्नीने फिर्याद दिली आणि ११ जानेवारीला आरोपीला अटक करून त्याच दिवशी न्यायालयात हजर करण्यात आले. गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ चा, आणि धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत केल्याचा, म्हणजे कलम ११८ (२) चा नोंदवला गेला.

पहिली पायरी: फिर्याद आणि तिची प्रत

जखमी धुळ्यात आणि घटना जळगाव जिल्ह्यात, असा प्रसंग आपल्याकडे नेहमी येतो, कारण अमळनेरकरांना धुळे जवळ पडते. अशा वेळी आमच्या हद्दीतली घटना नाही म्हणून फिर्याद नाकारता येत नाही. धुळ्यातील पोलीस ठाण्याने ती शून्य क्रमांकाने नोंदवून अमळनेरकडे पाठवायची असते. फिर्याद नोंदवल्यानंतर तिची प्रत विनामूल्य आणि लगेच मिळण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने फिर्यादीला तसाच पीडितालाही दिलेला आहे. ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तरीही काही झाले नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

सही करण्यापूर्वी फिर्याद वाचून घ्यावी किंवा वाचून दाखवण्यास सांगावे. आपल्या उदाहरणात वार मानेवर येत होता आणि तो हाताने अडवला, हे वाक्य फिर्यादीत असणे फार महत्त्वाचे आहे. फक्त हातावर कोयता मारला एवढेच लिहिले गेले, तर खुनाच्या प्रयत्नाचे कलम टिकवणे पुढे अवघड जाते. घटना पाहणाऱ्या पत्नीने ती ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने सांगावी. जे पाहिले नाही ते कोणाच्या सल्ल्याने घालू नये, कारण उलटतपासणीत अशी भर सर्वांत आधी उघडी पडते.

दुसरी पायरी: तपास कोठवर आला हे विचारणे

कलम १९३ नुसार तपास अधिकाऱ्याने ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवली पाहिजे आणि हे कळवणे मोबाइलवरील संदेशानेही चालते. म्हणून फिर्यादीत दिलेला मोबाइल क्रमांक आपल्याच हातात असणारा असावा. पुतण्याचा किंवा गावातील कार्यकर्त्याचा क्रमांक दिला, की माहिती त्याच्याकडे जाते आणि आपण मात्र अंधारात राहतो. क्रमांक बदलला, तर ठाण्यात साध्या कागदावर अर्ज देऊन तो बदलून घ्यावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी.

येथे दोन वेगवेगळ्या मुदती नवख्या माणसाच्या मनात एकमेकींत मिसळतात. एक मुदत पीडिताला माहिती देण्याची. दुसरी मुदत आरोपीच्या कोठडीची आहे: ज्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असू शकते किंवा किमान दहा वर्षांची शिक्षा ठरलेली आहे, त्यात आरोपी कोठडीत असताना ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर त्याला जामीन मागण्याचा हक्कच मिळतो आणि इतर गुन्ह्यांत हीच मुदत ६० दिवसांची असते. या जामिनात गुन्हा किती गंभीर आहे हे न्यायालय पाहत नाही, त्यामुळे पीडिताने कितीही कळकळीने विरोध केला, तरी त्याचा उपयोग होत नाही.

आपल्या उदाहरणात ११ जानेवारीचा दिवस धरून मोजले, तर ९० वा दिवस १० एप्रिलला येतो. फिर्यादी ताईंनी मार्चच्या मध्यावरच तपास अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी: दोषारोपपत्र कधी दाखल होणार, रुग्णालयाचे जखम प्रमाणपत्र मिळाले का, कोयत्याचा तपासणी अहवाल आला का. जखमी एका जिल्ह्यात आणि तपास दुसऱ्या जिल्ह्यात असला, की जखम प्रमाणपत्राचा कागद मध्येच अडकून राहण्याचा धोका वाढतो. अर्जाची एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना द्यावी. मार्चअखेरपर्यंत उत्तर आले नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे जाण्यासाठी दहा दिवस हाती राहतात. १० एप्रिलनंतर केलेल्या तक्रारीने तो जामीन अडत नाही.

पोलिसांनी दोषारोपपत्राऐवजी तपास बंद करण्याचा अहवाल पाठवला, ज्याला आपल्याकडे अ, ब किंवा क समरी म्हणतात, तर तो स्वीकारण्यापूर्वी न्यायालयाने फिर्यादीला नोटीस दिली पाहिजे. ही नोटीस हाती पडताच वकिलांमार्फत विरोध अर्ज करावा.

तिसरी पायरी: वकीलपत्र

सरकारी वकील खटला चालवणार असताना आपला वकील कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. कारण अगदी व्यवहारातले आहे. आरोपीला दिल्या जाणाऱ्या दोषारोपपत्राच्या व जबाबांच्या प्रती आता पीडितालाही विनामूल्य मिळतात, पण कलम २३० मध्ये यासाठी पीडिताच्या वतीने वकील हजर असण्याची अट आहे. वकीलपत्र दाखल नसेल, तर या कलमाखाली प्रती मागता येत नाहीत आणि आपल्याच जबाबात काय लिहिले आहे, हे साक्षीच्या दिवशी कळते. दुसरे म्हणजे सरकारी वकिलांना साहाय्य करण्यासाठी स्वतःचा वकील नेमण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. या वकिलाची मर्यादाही नीट समजून घ्यावी: खटल्यात तो सरकारी वकिलांच्या सूचनेनुसार काम करतो आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो, परंतु साक्षीदारांची तपासणी स्वतः करण्याचा हक्क त्याला नसतो.

वकिलांची फी परवडत नसेल, तर तालुका न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट लागत नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. १५१०० हा विधी सेवेचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

चौथी पायरी: जामिनाच्या सुनावणीत म्हणणे मांडणे

पीडिताच्या संरक्षणाची खरी वेळ ही आहे आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या प्रकरणात जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर माहिती पीडिताला देणे कलम १५अ ने बंधनकारक केले आहे. अठरा वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्काराच्या आणि सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणांत जामीन अर्जाच्या वेळी फिर्यादीची किंवा तिच्या वतीने अधिकृत व्यक्तीची हजेरी आवश्यक आहे. आपल्या उदाहरणासारख्या मारहाणीच्या प्रकरणात मात्र अशी नोटीस आपोआप घरी येईल, असे धरून चालता येत नाही. परंतु लखीमपूर खेरी प्रकरणातील एप्रिल २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. त्या प्रकरणात पीडितांचे म्हणणे नीट ऐकले गेले नाही, हे आरोपीचा जामीन रद्द होण्यामागचे एक कारण होते.

म्हणून जामीन अर्जाचा शोध आपणच घ्यावा. `services.ecourts.gov.in` या संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय, पोलीस ठाणे आणि गुन्हा क्रमांक टाकून प्रकरण शोधता येते. आरोपीच्या नावानेही शोधता येते. अटकेनंतरचे पहिले काही आठवडे हे दर दोन-तीन दिवसांनी पाहावे. जामीन अर्जाला मूळ खटल्याहून वेगळा क्रमांक असतो, त्यामुळे केवळ मूळ खटल्याच्या क्रमांकावर लक्ष ठेवल्यास तो निसटतो. अर्ज दिसताच वकिलांमार्फत हस्तक्षेप अर्ज करावा आणि त्याची प्रत सरकारी वकिलांनाही द्यावी.

त्या अर्जात राग नको, वस्तुस्थिती हवी. आरोपीचे घर आपल्या घरापासून किती अंतरावर आहे, शेताला जाण्याचा रस्ता एकच आहे का, पूर्वी कधी तक्रार दिली होती का, प्रत्यक्ष साक्षीदार कोण आणि ते आरोपीच्या शेतावर मजुरीला जातात का, हे लिहावे. साक्षीदाराची रोजीरोटी आरोपीच्या हातात आहे, ही गोष्ट न्यायालयाला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि जामीन मिळणारच असेल, तर कोणत्या अटी हव्यात, हेही त्याच अर्जात मागावे: साक्षी होईपर्यंत अमळनेर तालुक्यात राहू नये, राहण्याचा पत्ता ठाण्यात कळवावा, ठरलेल्या दिवशी हजेरी द्यावी, फिर्यादी व साक्षीदारांशी थेट किंवा इतरांमार्फत संपर्क करू नये. शेवटच्या अटीतले "इतरांमार्फत" हे शब्द आवर्जून मागावेत, कारण खेड्यात निरोप नेहमी मामा, सोयरे किंवा मध्यस्थ घेऊन येतात.

जामीन झाला, तर त्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढून घरी ठेवावी. अटी माहीत नसतील, तर त्यांचा भंग झालेला ओळखताही येत नाही.

पाचवी पायरी: धमकी आल्यास

समजा, फेब्रुवारीअखेर सत्र न्यायालयाने आरोपीला तालुक्याबाहेर राहण्याच्या अटीवर जामीन दिला आणि मार्चमध्ये बाजाराच्या दिवशी त्याच्या भावाने ताईंना गाठून सांगितले, "केस मांगे ली ले, नही ते कोर्टना रस्तावर देखी लिसू." तक्रार देताना हे शब्द जसे बोलले गेले तसेच, अहिराणीतच लिहून घेण्याचा आग्रह धरावा. ठाण्यात बहुधा "जीवे मारण्याची धमकी दिली" असे साचेबंद वाक्य लिहिले जाते. त्यात खटला मागे घेण्याचा उल्लेख राहत नाही आणि साक्ष फिरवण्यासाठी धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ चा, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा त्या कागदावर दिसतच नाही. सोबत दिवस, वेळ, जागा आणि ऐकणारे लोक लिहावेत. फोनवर धमकी आली असेल, तर ध्वनिमुद्रण मूळ फोनमधून पुसू नये. धोका त्या क्षणाचा असेल, तर प्रथम ११२ वर फोन करावा.

या तक्रारीची पोच घेतल्यावर दोन वेगळे अर्ज करता येतात. पहिला, जामीन रद्द करण्याचा, जो कलम ४८३ खाली सत्र न्यायालयात सरकारी वकिलांमार्फत किंवा आपल्या वकिलांमार्फत करावा; त्याला जामीन आदेशाची नक्कल आणि धमकीच्या तक्रारीची प्रत जोडावी. भावाने दिलेली धमकी आरोपीच्या सांगण्यावरून होती, हे दाखवणारे काही असेल, तर तेही लिहावे, कारण बचाव पक्ष नेमका हाच दुवा नाकारतो.

दुसरा अर्ज साक्षीदार संरक्षणाचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेनुसार जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती यावर निर्णय घेते आणि अर्ज समितीचे सदस्य सचिव असलेल्या जिल्ह्यातील अभियोग विभागाच्या प्रमुखांकडे द्यायचा असतो. समिती उपविभागातील पोलीस अधिकाऱ्याकडून धोक्याचा अहवाल मागवते आणि तो पाच कामकाजाच्या दिवसांत येणे अपेक्षित असते. घराभोवती गस्त, न्यायालयात जाता-येता पोलिसांची सोबत, साक्ष देताना आरोपी समोर दिसू नये अशी व्यवस्था, असे उपाय या योजनेत आहेत. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंतच दिले जाते, त्यामुळे साक्षीची तारीख पुढे गेली, तर मुदत संपण्याआधी नवा अर्ज द्यावा. मला स्वतःला घराभोवतीच्या गस्तीपेक्षा साक्षीच्या दिवसाची सोबत अधिक उपयोगी वाटते, कारण गावापासून न्यायालयापर्यंतचा एसटीचा प्रवास आणि आवारातील वाट पाहणे, याच वेळात माणूस एकटा गाठला जातो.

गावबैठकीत स्टॅम्प पेपरवर आपसांत मिटवल्याचा मजकूर लिहून सही मागितली जाते. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा खटल्याच्या न्यायालयात तडजोडीने मिटवता येत नाही, त्यामुळे त्या कागदाने खटला थांबत नाही; मात्र तोच कागद पुढे आपल्या साक्षीविरुद्ध वापरला जातो. सही नाकारली म्हणून जातपंचायतीने वाळीत टाकले, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा स्वतंत्रपणे लागू होतो.

सहावी पायरी: भरपाई

भरपाईचे दोन मार्ग आहेत आणि ते वेगळे ठेवावेत. पहिला मार्ग आरोपीकडून: दोष सिद्ध झाल्यावर न्यायालय कलम ३९५ नुसार दंडातून, किंवा दंड नसला तरी स्वतंत्रपणे, भरपाई देण्याचा आदेश करू शकते. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१३ च्या निर्णयाप्रमाणे प्रत्येक प्रकरणात न्यायालयाने भरपाईच्या प्रश्नाचा विचार केला पाहिजे. पण दंडातून द्यायची रक्कम अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत दिली जात नाही, म्हणजे हा मार्ग वर्षानुवर्षे लांबू शकतो.

दुसरा मार्ग शासनाच्या निधीतून, कलम ३९६ चा. न्यायालयाने शिफारस केल्यावर किती रक्कम द्यायची, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवते. आरोपी निर्दोष सुटला, तरी पीडिताच्या पुनर्वसनाची गरज असल्यास न्यायालय अशी शिफारस करू शकते, आणि आरोपी सापडलाच नाही व खटलाच चालला नाही, तर पीडित थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ल्याच्या पीडित महिला आणि बालकांसाठी महाराष्ट्रात मनोधैर्य योजना वेगळी आहे. तिचा अर्जही याच प्राधिकरणाकडे जातो. या पीडितांना शासकीय असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य प्रथमोपचार व उपचार द्यावेत, असे कलम ३९७ सांगते.

आपल्या उदाहरणात खटला वर्षभर तरी चालेल, पण शस्त्रक्रियेचे पैसे आज हवेत. यासाठी कलम ३९६ मध्ये अंतरिम मदतीची तरतूद आहे. उपचार विनामूल्य मिळवून देण्याचा आदेश प्राधिकरण देऊ शकते, त्यासाठी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे किंवा त्या भागातील न्यायदंडाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते. प्राधिकरणाला योग्य वाटेल अशी इतर तात्पुरती मदतही देता येते. अर्ज जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा, कारण घटना आणि खटला त्या जिल्ह्यातला आहे. धुळ्यात उपचार झाले, म्हणून अर्ज धुळ्याला देऊन महिना घालवू नये.

अर्जाला फिर्यादीची प्रत, रुग्णालयातून सुटतानाचे कार्ड, औषधांची बिले, ठाण्याचे प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि जखमी व्यक्तीच्या नावे असलेल्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत जोडावी. बोटे तुटल्याने काम करण्याच्या क्षमतेवर कायमचा परिणाम झाला आहे, हे केवळ लिहून पुरत नाही. शासकीय रुग्णालयाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. सातबारा उताराही जोडावा, म्हणजे स्वतःची शेती कोण करत होते आणि आता मजूर लावावे लागतात, हे दिसते. मदतीसाठी "योग्य ती रक्कम द्यावी" एवढेच न लिहिता आतापर्यंतचा खर्च, पुढील शस्त्रक्रियेचा डॉक्टरांनी लिहून दिलेला अंदाज आणि बुडालेले उत्पन्न असे तीन आकडे वेगवेगळे मांडावेत.

भरपाईचा अर्ज केला म्हणजे पैशासाठी केस केली, असा प्रश्न उलटतपासणीत येऊ शकतो. अर्जातील मजकूर फिर्यादीशी तंतोतंत जुळणारा असला, तर या प्रश्नाने फारसे नुकसान होत नाही. अर्जात वाराची संख्या वाढवली किंवा नवा आरोपी आणला, तर मात्र तोच अर्ज मूळ खटला दुबळा करतो.

निकालानंतर

शासनाला खटला मागे घ्यायचा असेल, तर पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही, हे कलम ३६० मध्ये आता स्पष्ट आहे. निकाल लागल्यावर आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी दिली गेली, तर या तीन कारणांसाठी पीडित स्वतः कलम ४१३ नुसार अपील करू शकतो आणि निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलासाठी त्याला वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. केवळ शिक्षा कमी वाटली, म्हणून मात्र पीडिताला अपील करता येत नाही. ते शासनाने करायचे असते आणि त्यासाठी सरकारी वकिलांकडे लेखी विनंती करावी. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाते, म्हणून निकाल जाहीर झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात खंडपीठासाठीच्या वकिलाची मागणी नोंदवावी.